ईटीएफ कंपन्यांना आणि ब्रोकरना खुले पत्र: बाजार उघडतानाच्या पहिल्या पाच मिनिटांचा हिशेब द्या

प्रति,
ईटीएफ चालवणाऱ्या फंड कंपन्यांचे व्यवस्थापक आणि आपल्या ॲपवरून ते विकणारे ब्रोकर यांस,

स.न.

मागच्या आठवड्यात माझ्या ब्रोकरची एक सूचना आली. ईटीएफची, म्हणजे शेअरसारख्या बाजारात विकत मिळणाऱ्या फंडाच्या युनिटची, दरमहा आपोआप होणारी खरेदी पुढच्या महिन्यापासून बाजार उघडताच मार्केट ऑर्डरने, म्हणजे मिळेल त्या भावाला, होईल, आणि ॲपच्या नव्या ‘सोप्या’ पडद्यावर मार्केट डेप्थ, म्हणजे कोणत्या भावाला किती युनिट खरेदी-विक्रीसाठी उभे आहेत याची यादी, दिसणार नाही, असं त्यात लिहिलं होतं. खाली एक बटण होतं, ‘समजलं’. मी ते दाबलं नाही. हे पत्र त्या बटणाऐवजी लिहिते आहे.

असा एक सौदा माझ्या हातून आधीच झालेला आहे, म्हणून मला हे गप्प बसून मान्य करता येत नाही. बाबा निवृत्त झाल्यावर त्यांच्या रकमेचा एक भाग मी ईटीएफमध्ये घालायचं ठरवलं. निर्देशांकातले पन्नास शेअर एका युनिटमध्ये मिळतात आणि वार्षिक खर्च फक्त ०.१० टक्का, असं मी त्यांना समजावलं होतं. त्यांनी विश्वास ठेवला. सकाळी बाजार उघडल्यावर तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला मी ४०० युनिटची मार्केट ऑर्डर टाकली. पडद्यावर मोठ्या अक्षरांत भाव होता १००.१०. संध्याकाळी कॉन्ट्रॅक्ट नोट आली तेव्हा सरासरी भाव १०१.३५ च्या वर होता. बाबा प्रत्येक व्यवहार वहीत मांडतात. त्यांनी विचारलं, “भाव शंभर दहा होता ना गं? मग एकशे एक पस्तीस कुठून आला?” त्या संध्याकाळी माझ्याकडे उत्तर नव्हतं. नंतर मी ते शोधून काढलं. ते तुमच्यापुढे आणि माझ्यासारख्या बाकीच्यांपुढेही मांडते. रक्कम कोणत्या चलनात होती याला इथे महत्त्व नाही, गणित सगळीकडे हेच आहे.

पडद्यावरचा १००.१० हा शेवटच्या सौद्याचा भाव होता. तो सौदा कोणातरी दोघांचा, होऊन गेलेला. त्या भावाला मला युनिट द्यायला त्या क्षणी कोणी बसलेलं नव्हतं. विकायला जे बसले होते ते असे: ५० युनिट १००.४० ला, १२० युनिट १००.९० ला आणि त्यानंतरचे ३०० युनिट थेट १०१.८० ला. खरेदीदारांची सर्वांत वरची बोली होती ९९.२०. म्हणजे सर्वांत स्वस्त विक्रेता आणि सर्वांत महाग खरेदीदार यांच्यात १.२० चं अंतर होतं. हाच स्प्रेड. मार्केट ऑर्डरचा अर्थ ‘कोणत्याही भावाला, पण आत्ता’ असा होतो, म्हणून माझी ऑर्डर पायऱ्या चढत गेली. ५० युनिट पहिल्या पायरीवर, १२० दुसऱ्या आणि उरलेले २३० तिसऱ्या. एकूण झाले ४०,५४२.

त्याच वेळी फंडाच्या टोपलीतल्या शेअरच्या चालू भावांवरून काढलेलं युनिटचं मूल्य, ज्याला आयएनएव्ही म्हणतात, १००.०० होतं. ४०० युनिटची किंमत ४०,००० व्हायला हवी होती, मी ५४२ जास्त दिले. ज्या ०.१० टक्के वार्षिक खर्चाच्या जोरावर हा ईटीएफ मला विकला गेला, तो या रकमेवर वर्षाला ४० होतो. चार मिनिटांच्या एका खरेदीत मी साडेतेरा वर्षांचा खर्च भरला.

त्याच दिवशी दुपारी मी पुन्हा पाहिलं. आयएनएव्ही १००.२० होता, खरेदीची बोली १००.१५ आणि विक्री १००.२५, आणि त्या एका पायरीवर सहा हजार युनिट उभे होते. तेव्हा घेतले असते तर ४०० युनिटवर मूल्यापेक्षा २० जास्त गेले असते. ईटीएफ तोच, टोपली तीच, मीही तीच. फरक फक्त वेळेचा आणि ऑर्डरच्या प्रकाराचा, आणि यातलं काहीही मला ॲपने सांगितलं नव्हतं.

आता फंड कंपनीविषयी. मी पत्र लिहिलं, त्याला उत्तर आलं: “बाजारातला भाव मागणी-पुरवठ्यावर ठरतो. या योजनेची उलाढाल कमी असल्याने स्प्रेड जास्त असू शकतो. त्याच्याशी फंडाचा संबंध नाही.” सौजन्याने लिहिलेलं उत्तर होतं, पण त्यातली दोन वाक्यं मला मान्य नाहीत.

उलाढालीची सबब आधी घेते. एखाद्या कंपनीचा शेअर दिवसभरात फारसा हलला नाही तर तो विकणं खरंच अवघड असतं, कारण त्या शेअरची संख्या ठरलेली असते. ईटीएफच्या युनिटचं तसं नाही. ते गरजेप्रमाणे नवे तयार होतात आणि मोडलेही जातात. ज्यांना फंडाशी थेट व्यवहाराचा अधिकार असतो असे मोठे दलाल ठरलेल्या मोठ्या गठ्ठ्यात टोपलीतले शेअर किंवा त्यांची रक्कम फंडाला देतात आणि बदल्यात युनिट घेतात. उलट दिशेनेही तेच होतं. मार्केट मेकर, म्हणजे खरेदी आणि विक्री या दोन्ही बाजूंचे भाव लावून बसणारा व्यापारी, याच वाटेवर उभा असतो. त्याने मला ४०० युनिट विकले की तो तेवढ्या मूल्याचे शेअर किंवा निर्देशांकाचे फ्युचर विकत घेऊन जोखीम झाकतो, आणि अशा विक्रीचा पुरेसा गठ्ठा जमला की फंडाकडून युनिट बनवून घेतो. म्हणून ईटीएफची खरी तरलता त्याच्या टोपलीत असते. टोपलीतले शेअर सहज मिळत असतील तर दिवसभरात दोनशेच युनिट हललेला ईटीएफही अरुंद स्प्रेडवर मिळू शकतो. आणि टोपलीतला माल अडकणारा असेल, तर भरपूर उलाढालीचा ईटीएफही वाईट दिवशी हात देत नाही.

माझ्या ईटीएफच्या टोपलीत बाजारातले सर्वांत जास्त हलणारे पन्नास शेअर होते. दुपारी १० पैशांचा स्प्रेड दिसला तो त्यामुळेच. उलाढाल सकाळीही कमी होती आणि दुपारीही. मग स्प्रेड १२ पट कसा झाला?

त्याचं कारण मार्केट मेकरच्या बाजूने पाहिलं की कळतं, आणि त्याच्यावर मी अन्याय करणार नाही. बाजार उघडताना पन्नासही शेअरचे भाव एकदम बसत नाहीत. काही शेअरमध्ये पहिला सौदा व्हायचा असतो, काहींचा स्वतःचाच स्प्रेड रुंद असतो, रात्रीतल्या बातम्या भावात उतरत असतात. टोपलीचं मूल्य नेमकं किती हे त्यालाच ठाऊक नसतं. अशा वेळी अरुंद भाव लावून बसलं तर ज्याला जास्त माहिती आहे तो त्याला कापून जातो. म्हणून तो अंतर ठेवतो आणि युनिटही थोडेच लावतो. थोड्या वेळाने भाव स्थिर झाले, झाकणी स्वस्त झाली की तो जवळ येतो. बाजार बंद होण्याच्या शेवटच्या मिनिटांतही तो मागे सरकू शकतो, कारण तेव्हा घेतलेली जोखीम रात्रभर त्याच्या अंगावर राहते. परदेशी शेअरच्या ईटीएफमध्ये तर तो परदेशी बाजार बंद असताना दिवसभर हीच अवस्था असते. तिथे आयएनएव्हीसुद्धा जुन्या भावांवर उभा असतो, त्यामुळे त्याच्याशी केलेली तुलनाही फसवी ठरते.

स्प्रेडमध्ये त्याचा खर्च असतो: टोपली घेण्याचा, युनिट बनवण्याच्या शुल्काचा, झाकणीतल्या चुकीचा. तो शून्य व्हावा अशी माझी मागणी नाही. पण ‘फंडाचा संबंध नाही’ हे खरं नाही. किती मार्केट मेकर नेमायचे, त्यांनी दिवसाच्या किती वेळात किती रुंदीचे आणि किती युनिटचे भाव लावायचे, त्याबद्दल त्यांना काय द्यायचं, युनिट बनवण्याचा गठ्ठा किती मोठा आणि त्याचं शुल्क किती, सकाळी टोपलीची यादी किती लवकर आणि किती नेमकी द्यायची, यातल्या बऱ्याच गोष्टी फंडाच्या हातात असतात. स्प्रेड याच निर्णयांतून घडतो. खर्चाचं प्रमाण ०.१२ वरून ०.१० वर आणलं याची जाहिरात तुम्ही पानभर करता. ४०,००० वर ती बचत वर्षाला ८ होते. स्प्रेडबद्दल मात्र तुमच्या माहितीपत्रकात मला एक ओळ सापडली नाही.

ब्रोकरविषयी माझं म्हणणं आणखी सरळ आहे. तुम्ही मार्केट ऑर्डर आधीच निवडून ठेवता. ‘या भावापेक्षा महाग नको’ असं सांगणारी लिमिट ऑर्डर दोन टॅप मागे असते आणि तिच्यावर ‘अनुभवी गुंतवणूकदारांसाठी’ असा शिक्का असतो. वास्तविक नवख्याला तिचीच गरज जास्त. मी १००.१५ ची लिमिट लावली असती तर त्या क्षणी एकही युनिट मिळालं नसतं, हे खरं. ऑर्डर तशीच उभी राहिली असती आणि भाव वर निघून गेला असता तर मी हात चोळत बसले असते. ही लिमिट ऑर्डरची मर्यादा आहे, ती लपवायचं कारण नाही. पण वर्षानुवर्षांसाठी पैसे घालणाऱ्याला अर्धा तास थांबावं लागलं तर त्याचं काय मोठं बिघडतं? ‘कोणत्याही भावाला’ म्हणून सही करण्यापेक्षा ते बरं.

दरमहाच्या आपोआप खरेदीचा तुमचा नवा निर्णय मला त्याहूनही वाईट वाटतो. माझा सौदा एकदाच झाला. इथे हजारो खातेदारांच्या खरेदीच्या ऑर्डरी एकाच दिवशी, एकाच मिनिटाला, त्या सर्वांत रुंद स्प्रेडवर जाऊन पडणार. पहिल्या पायरीवर ५० युनिट उभे असताना तिथे काही हजारांची मागणी एकदम आली तर भाव कुठे जाईल हे माझ्या ४०० युनिटने दाखवलंच आहे. एखाद्याची ऑर्डर इतकी लहान असली की पहिल्याच पायरीवर पूर्ण होते, तरी १०० च्या मूल्याला १००.४० देऊन तो ०.४ टक्का जास्त भरतो, म्हणजे चार वर्षांचा खर्च. आणि हे दर महिन्याच्या हप्त्यावर. दुसऱ्या बाजूला दर महिन्याला ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या मिनिटाला न बघता घेणारे येणार आहेत हे ज्याला कळलं, तो त्या मिनिटापुरता आपला विक्रीचा भाव खाली कशाला ठेवेल?

हे फक्त लहानसहान पैशांचं प्रकरण आहे असं कोणाला वाटू नये म्हणून २०१५ सालच्या एका सकाळची आठवण करून देते. २४ ऑगस्टला अमेरिकेतला बाजार घसरणीने उघडला. एस अँड पी ५०० निर्देशांक सुरुवातीच्या मिनिटांत साधारण पाच टक्के खाली होता. त्याच निर्देशांकावरचा एक मोठा, भरपूर उलाढालीचा ईटीएफ होता, त्याचे सौदे मात्र काही मिनिटं वीस टक्क्यांहून जास्त खाली झाले. टोपलीतल्या अनेक शेअरचे सौदे उशिरा सुरू झाले, काहींचे थांबवले गेले, मूल्य काढता येईना म्हणून भाव लावणारे मागे हटले, आणि समोर उरल्या त्या लोकांच्या विक्रीच्या मार्केट ऑर्डरी. नुकसान मर्यादित राहावं म्हणून लोकांनी लावून ठेवलेले स्टॉप-लॉससुद्धा भाव तुटताच मार्केट ऑर्डर झाले आणि मिळेल त्या बोलीला विकले गेले. थोड्या वेळात भाव जागेवर आले. ज्यांनी विकलं होतं त्यांचे पैसे आले नाहीत. पुढे २०१६ मध्ये न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजने स्टॉप ऑर्डर स्वीकारणंच बंद केलं. त्या दिवशी मोठ्या उलाढालीच्या ईटीएफचं जे झालं, ते पाहिल्यावर ‘उलाढाल आहे म्हणजे सुरक्षित’ हे वाक्य तुमच्या मदत केंद्रातून कोणी पुन्हा सांगू नये असं मला मनापासून वाटतं.

माझ्या मागण्या.

१. फंड कंपन्यांनी स्प्रेड जाहीर करावा. अमेरिकेच्या बाजार नियामकाने २०१९ मध्ये केलेल्या नियमाप्रमाणे तिथल्या ईटीएफना मागच्या ३० दिवसांचा मध्यक स्प्रेड, आणि बाजारभाव एनएव्हीपेक्षा, म्हणजे दिवसअखेरीला काढलेल्या युनिटच्या मूल्यापेक्षा, किती वर-खाली राहिला याचा इतिहास, स्वतःच्या संकेतस्थळावर द्यावा लागतो. हे फरक बाजाराच्या सलग सात दिवसांहून अधिक काळ दोन टक्क्यांपलीकडे राहिले तर त्याचं कारणही सांगावं लागतं. तेवढं तरी सगळीकडे व्हावं.

२. पण एवढ्यावर भागणार नाही. मध्यक म्हणजे चढत्या क्रमाने लावलेल्या आकड्यांतला मधला आकडा. दिवसभराच्या नोंदींत पहिली दहा मिनिटं इतकी थोडी असतात की मधल्या आकड्यावर त्यांची सावलीही पडत नाही. माझ्या ईटीएफचा मध्यक बहुधा दहा पैसेच आला असता आणि मी निर्धास्तपणे सकाळीच ऑर्डर टाकली असती. म्हणून पहिली पंधरा मिनिटं, मधला काळ आणि शेवटची पंधरा मिनिटं असे वेगवेगळे आकडे द्या. सोबत लहान गुंतवणूकदाराच्या नेहमीच्या आकाराची ऑर्डर त्या वेळी प्रत्यक्षात कोणत्या सरासरी भावाला पूर्ण झाली असती तेही द्या. पहिल्या पायरीचा स्प्रेड मला अर्धंच सांगतो, कारण माझे २३० युनिट तिसऱ्या पायरीवर गेले.

३. मार्केट मेकरशी झालेल्या करारातल्या जबाबदाऱ्या, म्हणजे किमान किती युनिट, कमाल किती स्प्रेड आणि दिवसाचा किती वेळ, लोकांना वाचता येतील अशा ठेवा. त्या पाळल्या गेल्या की नाही, तेही दर महिन्याला सांगा.

४. ब्रोकरनी ईटीएफसाठी लिमिट ऑर्डर आधीपासून निवडलेली ठेवावी. ऑर्डरच्या पडद्यावर शेवटच्या भावाइतक्याच मोठ्या अक्षरांत सर्वोत्तम बोली, सर्वोत्तम विक्री आणि आयएनएव्ही त्याच्या वेळेसह दिसावा. वेळ महत्त्वाची आहे, शिळा आयएनएव्ही ताजा म्हणून दाखवू नये. मार्केट ऑर्डर निवडली तर तुमची ऑर्डर साधारण या सरासरी भावाला पूर्ण होईल, असा अंदाज आधी दाखवावा. डेप्थ तुमच्या सर्व्हरवर असतेच.

५. आपोआप खरेदी उघडतानाच्या मिनिटांतून हलवा. बाजार स्थिरावल्यावर, दिवसाच्या मधल्या तासांत, वेगवेगळ्या वेळांना पसरून आणि आयएनएव्हीपेक्षा ठरावीक टक्क्यांपलीकडे न जाणाऱ्या लिमिटने ती करा. ऑर्डर पूर्ण झाली नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा लावा आणि आम्हाला कळवा. एक दिवस उशीर चालेल.

६. डेप्थचा पडदा परत द्या.

यातली सहावी मागणी आज संध्याकाळीही पूर्ण होऊ शकते. पाचवीला नव्या कायद्याची गरज नाही, तुमच्या वेळापत्रकात बदल करावा लागेल. पहिल्या तीन मागण्यांना फंड कंपन्यांना वेळ लागेल हे मला मान्य आहे. तीन महिने द्यायला मी तयार आहे. नियामकांनाही या पत्राची प्रत पाठवते आहे.

जे वाचक माझ्यासारखेच आहेत त्यांना एवढंच सांगते की तुमच्या जुन्या कॉन्ट्रॅक्ट नोट काढा. सौद्याची वेळ बघा, त्या वेळचा आयएनएव्ही मिळाला तर तो शेजारी मांडा, फरकाला युनिटच्या संख्येने गुणा. आयएनएव्ही मिळाला नाही तर तोच ब्रोकरकडे आणि फंडाकडे लेखी मागा. देशी शेअरच्या ईटीएफमध्ये फरक मूल्याच्या ०.१ टक्क्याच्या आत असेल तर ठीक चाललंय. अर्धा टक्का किंवा जास्त असेल तर तुमची ऑर्डर बहुधा सकाळी लवकर किंवा अगदी शेवटी गेली आहे, किंवा तुमच्या ईटीएफला भाव लावणारं कोणी धड नाही. रोख्यांच्या ईटीएफला ही फूटपट्टी जशीच्या तशी लावू नका. रोखे रोज हलत नाहीत, त्यामुळे तिथे कधी कधी एनएव्हीच मागे पडलेला असतो आणि बाजारभाव जास्त खरा असतो.

बाबांच्या वहीत त्या दिवसाच्या ओळीपुढे त्यांनी पेन्सिलीने ५४२ लिहून भोवती गोल केला आहे. पेनने लिहिलं नाही, कारण हे पैसे कशाचे ते अजून कंपनीने सांगितलेलं नाही, असं ते म्हणतात. माझ्या ऑर्डरचा क्रमांक आणि वेळ तुमच्या दोघांच्याही नोंदीत आहे, माझ्या तक्रारीतही आहे. त्या मिनिटाला तुमच्या मार्केट मेकरचे भाव किती होते, किती युनिटचे होते आणि करारात किती असायला हवे होते, एवढं लेखी कळवा.

आपली,
एक युनिटधारक